नव्या गाडीची वॉरंटी: वर्षांचा आकडा आणि क्लचप्लेटचा प्रश्न

नव्या गाडीच्या जाहिरातीत वॉरंटीचा आकडा आता किमतीच्या खालोखाल मोठ्या अक्षरांत छापला जातो. कुणी तीन वर्षे देतो, कुणी पाच, कुणी सात, तर कुणी थेट दहा. हे आकडे गेल्या काही वर्षांत वाढतच चालले आहेत. भारतात मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरवर नेली. मित्सुबिशी ऑस्ट्रेलियात दहा वर्षे किंवा दोन लाख किलोमीटरची वॉरंटी देते, मात्र सगळी नियमित सर्व्हिस तिच्याच डीलरकडे केलेली असली पाहिजे. अशा आकड्यांमुळे ग्राहकाचा समज होतो की तेवढ्या काळात गाडीत काहीही बिघडले तरी खर्च कंपनीचा. मग दीड-दोन वर्षांनी क्लच घसरू लागतो किंवा ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर सांगतो, "हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही."

हे उत्तर काही वेळा बरोबर असते आणि काही वेळा साफ चुकीचे असते. ते केव्हा बरोबर आणि केव्हा चूक, हे वॉरंटीच्या वर्षांवरून कळत नाही. ते कळते पुस्तिकेतल्या झिजणाऱ्या भागांविषयीच्या तीन-चार ओळींवरून, आणि दोन ब्रँडांमधला खरा फरक बहुधा याच ओळींत असतो. म्हणून या लेखात वर्षांचा हिशेब थोडक्यात आटोपून जास्त वेळ क्लचप्लेट या एकाच भागापाशी घालवला आहे.

एका वॉरंटीच्या पोटात अनेक वॉरंट्या

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेले एक मर्यादित वचन: ठरलेल्या मुदतीत एखादा भाग मालातील दोषामुळे किंवा कारखान्यातील जोडणीच्या चुकीमुळे बिघडला, तर तो आम्ही विनामूल्य दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. या वाक्यातला 'दोषामुळे' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण वचन भाग चालू राहण्याचे नसून तो निर्दोष बनवलेला असण्याचे आहे.

जाहिरातीतला मोठा आकडा सहसा दोहोंपैकी एका वॉरंटीचा असतो. पहिली मूळ वॉरंटी, जिच्यात अपवाद वगळता जवळजवळ सगळी गाडी येते. दुसरी पॉवरट्रेन वॉरंटी, जिच्यात फक्त शक्ती निर्माण करणारे आणि ती चाकांपर्यंत पोहोचवणारे भाग येतात, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ॲक्सल. एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, स्टार्टर, सस्पेन्शन, डॅशबोर्डवरची स्क्रीन हे भाग सहसा दुसरीत येत नाहीत.

अमेरिकेतले आकडे पाहिले की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. ह्युंदाई आणि किया तिथे दहा वर्षे किंवा एक लाख मैल अशी जाहिरात करतात, पण तो आकडा पॉवरट्रेनचा आहे. त्यांची मूळ वॉरंटी पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांची आहे. शिवाय दहा वर्षांचा लाभ पहिल्या मालकापुरता असतो, आणि गाडी दुसऱ्याला विकली की पॉवरट्रेनची मुदतही पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांवर येते. टोयोटा, होंडा आणि फोर्ड तिथे मूळ वॉरंटी तीन वर्षे किंवा ३६,००० मैलांची आणि पॉवरट्रेनची पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांची देतात. बीएमडब्ल्यू दोन्हींसाठी एकच मुदत ठेवते, चार वर्षे किंवा ५०,००० मैल. म्हणजे कागदावर दहा आणि तीन असा दिसणारा फरक, समान वस्तूंची तुलना केली तर दहा आणि पाच, किंवा पाच आणि तीन असा उरतो. फरक अजूनही मोठाच आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

मुख्य मुदतीच्या पोटात आणखी लहान मुदती असतात. युरोपात कियाची सात वर्षांची वॉरंटी नावाजलेली आहे, आणि ती गाडीसोबत नव्या मालकाकडेही जाते. पण तिच्यात रंगाची मुदत पाच वर्षे आणि म्युझिक सिस्टिम व नेव्हिगेशनची तीन वर्षे आहे. अमेरिकेतल्या ह्युंदाईच्या वॉरंटीत एसीच्या गॅसला एकच वर्ष मिळते. काही मुदती कंपनीने नव्हे तर कायद्याने ठरवलेल्या असतात: अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनचा संगणक यांना आठ वर्षे किंवा ८०,००० मैलांचे संरक्षण प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्यामुळे सगळ्याच कंपन्यांना द्यावे लागते, त्यामुळे ब्रँडची तुलना करताना ते मोजण्याचे कारण नाही.

वर्षे आणि किलोमीटर

'तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर' या वाक्यातल्या 'किंवा'चा अर्थ जे आधी संपेल ते असा आहे, आणि हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र स्वतःच्या वापराचा आकडा त्यात घालून कुणी सहसा पाहत नाही, आणि तो घातला की क्रम उलटू शकतो.

अमेरिकेतली बीएमडब्ल्यूची वॉरंटी चार वर्षे किंवा ५०,००० मैलांची, म्हणजे सुमारे ८०,५०० किलोमीटरची आहे. ब्रिटनमध्ये तीच कंपनी तीन वर्षे देते, पण अंतराची मर्यादा घालत नाही. वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला पहिली वॉरंटी पूर्ण चार वर्षे पुरेल. वर्षाला ३०,००० किलोमीटर चालवणाऱ्याची तीच वॉरंटी दोन वर्षे आठ महिन्यांत संपेल, आणि त्याच्यासाठी तीन वर्षांची वॉरंटी अधिक लांब ठरेल. दुसरी गोष्ट, हे आकडे देशागणिक बदलतात. एखाद्या ब्रँडची वॉरंटी परदेशात किती आहे याचा आपल्या गाडीशी संबंध नसतो. गाडी ज्या देशात विकली गेली तिथली पुस्तिकाच लागू होते. या लेखातले आकडेही म्हणूनच देशाच्या नावासह दिले आहेत.

'झिजणारा भाग' म्हणजे नेमके काय

काही भाग काम करतानाच स्वतःला खर्च करतात. ब्रेक पॅड डिस्कवर घासून गाडी थांबवतो आणि प्रत्येक वेळी थोडा पातळ होतो. क्लचप्लेटवरचे घर्षणाचे अस्तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट पकडले जाण्यापूर्वी क्षणभर घसरते, आणि त्या क्षणात झिजते. वायपरचे रबर, टायर, हवा आणि तेलाचे फिल्टर हे याच वर्गातले. फ्यूज आणि बल्ब घासले जात नाहीत, पण त्यांचेही आयुष्य वापरानेच संपते, म्हणून बहुतेक कंपन्या त्यांना याच यादीत धरतात.

चपलेचा तळ वर्षभराने झिजला तर दुकानदाराकडे कुणी तक्रार करत नाही. पण तिसऱ्याच दिवशी अंगठा तुटला तर करतो, आणि तळ चिकटवलेल्या जागी उकलला तरीही करतो. उकललेला भाग तळच असतो, म्हणजे एरवी झिजणारा भाग, पण उकलणे म्हणजे झीज नव्हे. गाडीच्या वॉरंटीतला सगळा वाद या शेवटच्या प्रकाराचा आहे: भाग झिजणाऱ्या वर्गातला, पण बिघाड झिजेचा नाही.

हा वाद कंपन्या आपापल्या पुस्तिकेत तीन निरनिराळ्या पद्धतींनी सोडवतात, आणि तुलना करताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट ही.

पहिली पद्धत स्वतंत्र लहान मुदतीची. अमेरिकेतल्या ह्युंदाईच्या वॉरंटीत पट्टे, ब्रेक पॅड, क्लचचे अस्तर, फिल्टर, वायपर, बल्ब आणि फ्यूज यांना १२ महिने किंवा १२,००० मैल मिळतात, आणि तेही भागात दोष असेल तरच. फोक्सवॅगननेही तिथे झिजणाऱ्या भागांसाठी अशीच वर्षभराची मुदत ठेवलेली आहे. या काळात सदोष निघालेला भाग बदलून मिळतो. वर्ष उलटले की दोष सिद्ध झाला तरी दार बंद.

दुसऱ्या पद्धतीत भाग वगळला जात नाही, फक्त कारण वगळले जाते. होंडाच्या अमेरिकेतल्या पुस्तिकेचा आशय असा आहे की कोणत्याही भागाची सर्वसाधारण झीज वॉरंटीत येत नाही, आणि फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर यांसारखे खर्ची पडणारे भाग सर्वसाधारण झिजेमुळे किंवा ग्राहकाच्या गैरवापरामुळे बदलावे लागले तर तेही येत नाहीत. यातला 'झिजेमुळे बदलावे लागले तर' हा भाग नीट वाचला की लक्षात येते की तोच पॅड दोषामुळे बदलावा लागला, तर मूळ वॉरंटीची पूर्ण तीन वर्षे त्याला उपलब्ध आहेत.

तिसरी पद्धत सर्वांत कडक: पुस्तिकेत भागांची नावे देऊन ते वॉरंटीबाहेर आहेत एवढेच लिहिलेले असते आणि कारणाचा उल्लेखच नसतो. अशा पुस्तिकेत क्लचप्लेटचे नाव असेल, तर वॉरंटीच्या आधारे तिच्यासाठी काही मागता येणे अवघड जाते आणि देशाच्या ग्राहक कायद्याकडेच जावे लागते.

म्हणजे दहा वर्षांची पॉवरट्रेन वॉरंटी देणारा ब्रँड क्लचच्या अस्तराला एकच वर्ष देत असू शकतो, आणि तीन वर्षांची मूळ वॉरंटी देणारा ब्रँड त्याच भागाला, दोषापुरती, तिन्ही वर्षे देत असू शकतो. माझ्या मते नव्या गाडीच्या वॉरंट्यांची तुलना करताना सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच आहे.

एकच तक्रार, तीन कारणे

आता एक उदाहरण तपशिलात पाहू. हाताने गिअर बदलायची एक गाडी घेऊन २२ महिने झाले आहेत आणि ती २८,००० किलोमीटर चालली आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. हा क्लच घसरत असल्याचा नेमका संकेत आहे. सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबला आणि काटा वेगाच्या पुढे धावला, तर शंका उरत नाही.

क्लच का घसरतो हे मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय सांगता येत नाही. त्याआधीच कुणी 'तुमच्या चालवण्यामुळे' असे सांगितले, तर ते निदान नसून अंदाज आहे.

गिअरबॉक्स उतरवल्यावर पहिली शक्यता अशी दिसेल की अस्तर चारही बाजूंनी सारखे पातळ झाले आहे. अस्तर प्लेटवर रिव्हेटांनी बसवलेले असते आणि रिव्हेटचे डोके अस्तराच्या पृष्ठभागाखाली किती खोल आहे यावरून उरलेले आयुष्य मोजतात. ही खोली ०.२ ते ०.३ मिलिमीटरवर आली की प्लेट संपली असे बहुतेक वर्कशॉप मॅन्युअल सांगतात. सोबत फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटवर निळसर-जांभळे डाग असतील आणि जळका वास येत असेल, तर धातू फार तापला होता हे उघड आहे. अशी उष्णता सहसा हाफ क्लचवर गाडी रेटल्याने, पेडलवर सतत पाय ठेवल्याने किंवा क्षमतेबाहेर वजन ओढल्याने येते. ही झीज आहे, आणि कोणत्याही ब्रँडची कितीही वर्षांची वॉरंटी तिचा खर्च उचलत नाही.

दुसऱ्या शक्यतेत अस्तर जाड आहे, रिव्हेट खोल आहेत, पण पृष्ठभाग काळा, चकचकीत आणि तेलकट झाला आहे, आणि क्लच ज्या घंटेसारख्या आवरणात असतो ते आतून ओले आहे. म्हणजे क्लच संपलेला नाही. त्याच्यावर तेल पडले म्हणून तो घसरतो आहे. हे तेल सहसा दोन वाटांनी येते: इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून, किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, त्यामुळे अनुभवी मेकॅनिकला स्रोत ओळखणे कठीण जात नाही. ही दोन्ही सील झिजणाऱ्या भागांच्या यादीत नसतात; ती पॉवरट्रेनच्या यादीत असतात. २२ महिन्यांत गळलेले सील हा स्पष्ट वॉरंटीचा दावा आहे, आणि त्या सीलमुळे निकामी झालेली क्लचप्लेट हे त्या दोषाचे परिणामी नुकसान असल्याने तीही त्याच दाव्यात बदलून मागायची असते. तेल शोषलेले अस्तर धुऊन पूर्ववत होत नाही. इथे घडणारी नेहमीची चूक अशी की सील वॉरंटीत बदलले जाते आणि प्लेटचे बिल 'झिजणारा भाग' म्हणून ग्राहकाच्या हाती येते, आणि ग्राहकही निम्मे काम फुकट झाले या समाधानात ते भरतो.

तिसरी शक्यता भागाच्याच दोषाची. अस्तराचा तुकडा रिव्हेटसकट सुटला आहे, किंवा प्लेटच्या मध्यभागी धक्के शोषण्यासाठी असलेल्या स्प्रिंगांपैकी एखादी तुटली आहे, पण उरलेल्या अस्तराची जाडी भरपूर आहे आणि कुठेही अति उष्णतेचे डाग नाहीत. आधीच्या तीन पद्धतींमधला फरक इथे प्रत्यक्षात उतरतो. अस्तरासाठी १२ महिने किंवा १२,००० मैल, म्हणजे सुमारे १९,३०० किलोमीटर मुदत असलेल्या वॉरंटीत सुटलेल्या अस्तराचा दावा दहा महिन्यांपूर्वीच कालबाह्य झाला आहे, मग पॉवरट्रेनची आठ वर्षे शिल्लक असली तरी. फक्त झीज वगळणाऱ्या आणि तीन वर्षे किंवा ३६,००० मैल, म्हणजे सुमारे ५८,००० किलोमीटर देणाऱ्या वॉरंटीत तोच दावा मुदतीत आहे. तुटलेल्या स्प्रिंगविषयी पहिल्या प्रकारच्या वॉरंटीतही वाद घालता येतो, कारण यादीत क्लचचे 'अस्तर' लिहिलेले असते, संपूर्ण क्लच नव्हे. आणि यादीत नसलेल्या भागाला मोठी मुदत लागू होते.

म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी सर्व्हिस सेंटरला दोन गोष्टी लेखी सांगून ठेवाव्यात: काढलेली प्लेट आणि प्रेशर प्लेट मला दाखवल्याशिवाय टाकू नये, आणि आवरणाचा आतला भाग पुसण्याआधी त्याचे फोटो काढावेत. एकदा तो भाग पुसून स्वच्छ केला की तेल कुठून आले याचा पुरावा त्या कापडासोबत जातो.

सीमारेषेवरचे भाग

क्लचइतका वाद बाकीच्या भागांत नसतो, पण तीन भागांची ओळख असलेली बरी. ब्रेक डिस्क झिजते, मात्र पॅडपेक्षा बरीच सावकाश. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डायल गेजने डिस्कचे वाकडेपण आणि जाडीतला फरक मोजता येतो, आणि पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच तो मर्यादेबाहेर असेल तर कारण झीज असण्याची शक्यता कमी. शॉक ॲब्झॉर्बर बहुतेक ठिकाणी मूळ वॉरंटीत येतो, पण त्यावर तेलाचा पातळ ओलसर थर दिसणे वेगळे आणि तेल ओघळणे वेगळे. दावा दुसऱ्यासाठीच मान्य होतो. गाडी सुरू करण्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला सहसा स्वतंत्र, मूळ वॉरंटीपेक्षा लहान मुदत असते. टायरची हमी गाडीची कंपनी नव्हे तर टायरची कंपनी देते.

इलेक्ट्रिक गाडीत क्लच नसतो आणि वेग कमी करताना मोटारच बरेचसे काम करत असल्याने ब्रेक पॅडही जास्त टिकतात. तिथे झिजणारा मुख्य भाग म्हणजे मोठी बॅटरी, आणि गंमत अशी की याच भागाच्या झिजेला कंपन्या आकडा लावून हमी देतात: टेस्लाच्या वॉरंटीत आठ वर्षांच्या मुदतीत मूळ क्षमतेच्या किमान ७० टक्के उरलीच पाहिजे असे वचन आहे. आपल्या झिजेची मर्यादा वॉरंटीतच आकड्यात लिहून मिळणारा दुसरा भाग गाडीत शोधून सापडणे कठीण.

"कंपनीने 'चालवण्याची पद्धत' म्हटले तर आपण काय करणार?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका प्रत्यक्ष प्रकरणातून मिळते. फोर्डने फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत पॉवरशिफ्ट नावाचा सहा गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला होता. त्यात दोन क्लच होते आणि ते कोरडे, म्हणजे तेलात न बुडवलेले होते. अनेक गाड्यांत इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून क्लचवर जाऊ लागले, क्लच नीट पकडेनासा झाला आणि गाडी हळू वेगात हिसके देऊ लागली. वर सांगितलेली दुसरी शक्यता हीच, फक्त इथे ती हजारो गाड्यांत एकाच वेळी घडत होती.

ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने हे प्रकरण न्यायालयात नेले. हिसके हे गाडीतल्या गुणवत्तेच्या दोषाचे लक्षण आहे हे ठाऊक असूनही ग्राहकांना वारंवार त्यांच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असे होते म्हणून सांगितले गेले, असे त्यात पुढे आले. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने तक्रारींच्या हाताळणीतील गैरवर्तनाबद्दल फोर्ड ऑस्ट्रेलियाला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. अमेरिकेत त्याआधी, २०१४ मध्येच, कंपनीने त्या काळातल्या फिएस्टा आणि फोकसमधल्या क्लच व इनपुट शाफ्ट सीलची वॉरंटी सात वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती.

झिजणाऱ्या यादीत बसणारा भाग सात वर्षांच्या वॉरंटीत आला, कारण बिघाडाचे मूळ झिजेत नव्हते हे सिद्ध झाले. एकेकट्या ग्राहकाने यातून घ्यायची गोष्ट व्यावहारिक आहे: प्रत्येक भेटीच्या जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत, किलोमीटरच्या नोंदीसह लिहून घ्यावी. 'जनरल चेकअप' असे लिहिलेल्या जॉबकार्डाचा पुढे काहीही उपयोग होत नाही. 'पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी हिसके देते, इंजिन गरम असताना अधिक' या वाक्याचा होतो. आपल्याच गाडीच्या त्या भागासाठी कंपनीने वॉरंटी वाढवली आहे का, हेही गाडीचा चॅसिस नंबर सांगून विचारावे, कारण अशी वाढ जाहिरातीत येत नसते.

"बाहेर सर्व्हिस केली की वॉरंटी गेलीच ना?"

सरसकट नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन–मॉस कायद्यानुसार, सेवा किंवा भाग फुकट मिळत नसतील तर ते आमच्याकडूनच घ्या अशी अट कंपनीला वॉरंटीसाठी घालता येत नाही. युरोपीय संघातही २०१० च्या नियमांपासून, सर्व्हिस कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे झाली असेल तर ती कुठे झाली यावरून मूळ वॉरंटी नाकारता येत नाही. इतर देशांत अशी स्पष्ट तरतूद असेलच असे नाही, त्यामुळे पुस्तिका वाचावीच लागते.

मात्र सर्व्हिसमुळे मिळणारी वाढीव वॉरंटी वेगळी. ब्रिटनमध्ये टोयोटाची मूळ वॉरंटी संपल्यावर अधिकृत डीलरकडे केलेल्या प्रत्येक सर्व्हिसमागे १२ महिने किंवा १०,००० मैलांची वॉरंटी मिळत जाते, ती गाडी दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची होईपर्यंत. मित्सुबिशीचा ऑस्ट्रेलियातला दहा वर्षांचा आकडाही याच जातीचा. अट पाळली नाही तर तो पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरवर येतो. दोन ब्रँडांची तुलना करताना अशा आकड्यातून अधिकृत सर्व्हिसचा जास्तीचा खर्च वजा धरायला हवा. बाहेर सर्व्हिस केली असेल तर तेलाचा दर्जा, प्रमाण, तारीख आणि किलोमीटर लिहिलेली बिले हाच आपला आधार असतो.

"तरीही सात वर्षे तीनपेक्षा चांगलीच"

इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी, हो. हे भाग क्वचित बिघडतात, पण बिघडले की खर्च फार मोठा असतो, आणि तो चौथ्या ते सातव्या वर्षात येण्याची शक्यता पहिल्या तीन वर्षांपेक्षा अधिक असते. स्क्रीन, सेन्सर, पॉवर विंडो यांसारख्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठीही मूळ वॉरंटीची लांबी खरोखर मोलाची आहे, बशर्ते पोटातल्या यादीत त्यांची मुदत कापलेली नसावी. दीर्घ वॉरंटी कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. पण पहिल्या तीन वर्षांत ग्राहक आणि सर्व्हिस सेंटर यांच्यात वाद होतात ते प्रामुख्याने ब्रेक, क्लच, सस्पेन्शन आणि बॅटरी यांवरून, आणि त्या वादांत मोठ्या आकड्याचा उपयोग नसतो. दोन गाड्यांमध्ये निवड करायची असेल तर शोरूममध्ये वॉरंटी पुस्तिकेची प्रत मागावी, अपवादांचे पान उघडावे आणि क्लच व ब्रेकविषयीचे वाक्य वर सांगितलेल्या तीन पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहावे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन त्या पानावरच्या वाक्यापुढे टिकत नाही.

बदललेल्या भागाला नवी वॉरंटी मिळते का

वॉरंटीत बदलून मिळालेल्या भागाला बहुतेक ब्रँड मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच देतात. उदाहरणातल्या गाडीला २२ व्या महिन्यात सील आणि क्लचप्लेट वॉरंटीत बदलून मिळाली आणि मूळ वॉरंटी ३६ महिन्यांची असेल, तर नव्या प्लेटच्या वाट्याला १४ महिने येतात. त्याउलट पैसे देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बसवलेल्या सुट्या भागाला अनेक कंपन्या बसवल्याच्या दिवसापासून स्वतंत्र मुदत देतात, म्हणून बिलावर भागाचा क्रमांक आणि तारीख आहे याची खात्री करावी. मुदत मोजणे सुरू होते ते गाडी पहिल्या ग्राहकाच्या ताब्यात दिल्याच्या तारखेपासून. गाडी आधी डेमोसाठी वापरलेली असेल तर ती वापरात आल्याच्या तारखेपासून, आणि अशी गाडी 'नवी' म्हणून घेताना ही तारीख लेखी मागावी. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात लक्षण दिसले तर दुरुस्तीची वेळ नंतरची मिळाली तरी चालेल, पण तक्रारीचे जॉबकार्ड मुदत संपण्याआधीच्या तारखेचे असले पाहिजे.